सात लाख रुपये, एक रात्र आणि नवा लाभार्थी: मुलुंडमधल्या एका हेवी डिपॉझिटचं प्रकरण

मी बँकेत सत्तावीस वर्षं नोकरी केली. शेवटची काही वर्षं ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या टेबलावर होतो. खाली मांडलेलं प्रकरण माझ्या शेजाऱ्यांचं आहे आणि त्यांच्या संमतीनंच लिहितो आहे. नाव बदललं आहे, आपण त्यांना सावंत म्हणू. बँकेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. नव्या लाभार्थ्याला, म्हणजे पैसे पाठवण्याच्या यादीत नव्यानं टाकलेल्या खात्याला, सुरुवातीचे काही तास मोठी रक्कम पाठवू न देण्याचा नियम बहुतेक बँकांत असतो, फक्त रक्कम आणि तास वेगवेगळे असतात.

पार्श्वभूमी

सावंत कुटुंब कांजूरमार्गला भाड्यानं राहत होतं. मुलीच्या शाळेसाठी त्यांनी मुलुंड पूर्वेला वन बीएचके पाहिला. व्यवहार हेवी डिपॉझिटचा होता, म्हणजे नऊ लाख अनामत आणि महिन्याचं भाडं नावापुरतं. टोकन म्हणून पन्नास हजार त्यांनी आधीच यूपीआयनं दिले होते. लीव्ह अँड लायसन्सचा करार गुरुवारी नोंदला गेला. एजंटनं घरी येऊन सगळ्यांचे अंगठे घेतले आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा अर्जही भरला.

उरलेले साडेआठ लाख शनिवारी सकाळी अकराला चावी हातात पडताना द्यायचे ठरलं. सावंतांनी एफडी मोडून पैसे बचत खात्यात आणून ठेवले होते. जुन्या घरमालकाचा रंगारी रविवारी सकाळी येणार होता, म्हणून जुनं घर शनिवारी संध्याकाळपर्यंत मोकळं करून द्यायचं होतं. नव्या सोसायटीत सामान चढवायला फक्त सोमवार ते शनिवार, दहा ते पाच अशी वेळ. टेम्पो आणि चार हमाल ठरले होते. तयारी चोख होती. एकच गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती: तो महिन्यातला दुसरा शनिवार होता. बँका बंद.

अर्थात सावंत शाखेत जाणारच नव्हते. मोठ्या रकमा खात्यातून खात्यात पाठवायची आरटीजीएस ही सोय १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास आणि सातही दिवस चालते, हे त्यांना माहीत होतं. त्यामुळे सुट्टीचा प्रश्नच येत नाही, असा त्यांचा हिशोब होता.

अडचण

शुक्रवारी रात्री नऊ चाळीसला जेवण उरकून त्यांनी मोबाइल अ‍ॅपमध्ये घरमालकांचं खातं लाभार्थी म्हणून टाकलं. ओटीपी भरला. अर्ध्या तासानं, दहा दहाला, ‘लाभार्थी सक्रिय झाला आहे’ असा मेसेज आला. उद्याची धावपळ नको म्हणून त्यांनी लगेच साडेआठ लाख पाठवायला घेतले. पडद्यावर उत्तर आलं की नव्या लाभार्थ्याला सक्रिय झाल्यापासून पहिल्या चोवीस तासांत सगळे मार्ग मिळून कमाल पन्नास हजार पाठवता येतील.

इथपर्यंतची गोष्ट हजारो लोकांच्या बाबतीत घडते. पुढच्या दोन तासांत जे झालं, त्यामुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

व्यवहार अडला म्हटल्यावर सावंतांनी लाभार्थ्याचा तपशील पुन्हा उघडला. बँक आता आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी समोरच्या खात्याचं नाव दाखवते. ती सोय देण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंतची मुदत दिली होती. सावंतांनी घरमालकांचं नाव टाईप केलं होतं, पण बँकेनं दाखवलेलं नाव एका बाईंचं होतं. खाते टाकताना घाईत त्यांनी ते वाचलंच नव्हतं. आता वाचल्यावर पोटात गोळा आला. खाते क्रमांक एजंटनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. फसवणूक तर नाही? दहा चाळीसला त्यांनी तो लाभार्थी डिलीट केला आणि मग घरमालक काकांना फोन लावला.

काका शांतपणे म्हणाले, “अहो, ते आमचं जॉइंट खातं आहे. पहिलं नाव हिचं आहे.” त्यांनी पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. क्रमांक बरोबर होता. सावंतांनी अकरा वीसला तेच खातं पुन्हा टाकलं. ते अकरा पन्नासला सक्रिय झालं आणि चोवीस तासांचं घड्याळ तिथून नव्यानं सुरू झालं. दहा दहाचं घड्याळ लाभार्थ्याबरोबर पुसलं गेलं होतं.

याच दरम्यान सावंत वहिनी बँकेचा हेल्पलाइन नंबर शोधत होत्या. गुगलवर सगळ्यात वर दिसलेला नंबर त्यांनी फिरवला. पलीकडचा माणूस मराठीतच बोलत होता, नम्र होता, आणि पहिल्याच मिनिटाला म्हणाला, “मॅडम, लिमिट मी आत्ताच्या आत्ता उठवून देतो. एक छोटं अ‍ॅप टाकून घ्या, म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल.” वहिनींनी “ह्यांना विचारते” म्हणून फोन ठेवला. पावणेबाराला माझ्या दाराची बेल वाजली.

बँक ही अट का घालते

त्या रात्री सावंतांनी मला विचारलेला पहिला प्रश्न रागाचा होता: “काका, पैसे माझे, ओटीपी माझा, पासवर्ड माझा. मग मला अडवणारी बँक कोण?”

बँकेच्या बाजूनं पाहिलं की कोडं उलगडतं. बँकेच्या सर्व्हरला सावंत दिसत नाहीत. त्याला दिसतो बरोबर पासवर्ड आणि बरोबर ओटीपी. चोरानं हे दोन्ही मिळवले असतील तर सर्व्हरला चोर आणि सावंत एकसारखेच दिसतात. आणि चोराचं काम जवळजवळ नेहमी एकाच क्रमानं चालतं. तो आत शिरतो, स्वतःच्या ताब्यातलं एक खातं नवा लाभार्थी म्हणून टाकतो आणि लगेच जास्तीत जास्त रक्कम तिकडे ढकलतो. आधीपासून असलेल्या लाभार्थ्यांमध्ये त्याला रस नसतो, कारण तुमच्या भावाच्या किंवा सोसायटीच्या खात्यात पैसे पाठवून त्याच्या हाती काय लागणार? त्यामुळे ‘नवा लाभार्थी आणि त्याला लगेच मोठी रक्कम’ हा जोड चोरीचा सर्वात ओळखीचा ठसा आहे. दुर्दैवानं घराची अनामत भरणारा प्रामाणिक माणूसही नेमकं हेच करतो.

दुसरं कारण पैसे गेल्यानंतरचं आहे. आरटीजीएसनं झालेली सेटलमेंट कायद्यानंच अंतिम असते, ती मागे फिरवता येत नाही. पैसे मिळालेल्या बँकेनं ते अर्ध्या तासात समोरच्या खात्यात जमा करायचे असतात. चोराचं ते पहिलं खातं बहुधा कुणाचं तरी भाड्यानं घेतलेलं असतं. तिथून रक्कम पाच-दहा खात्यांत फुटते, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी एटीएममधून नोटा निघतात. माझ्या टेबलावर आलेल्या तक्रारींत माणसाला फसवणूक कळायची सकाळी आणि पैसे फुटलेले असायचे मध्यरात्रीच. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार गेली की वाटेतल्या खात्यांवर रक्कम गोठवता येते, पण तेव्हा खात्यात जे उरलं असेल तेवढंच. पैसे सुटल्यानंतर वेळ मिळवायला फारशी जागा नाही. ती जागा पैसे सुटण्याआधी आहे, म्हणून अट तिथे.

आता चोवीस तासच का? लाभार्थी टाकला की बँक एसएमएस आणि ईमेल पाठवते. तो मेसेज खऱ्या मालकाच्या नजरेस पडायला एक झोप, एक ऑफिसचा दिवस, एखादा प्रवास एवढा अवधी लागतो. मध्यरात्री टाकलेल्या लाभार्थ्याचा मेसेज माणूस सकाळी चहा घेताना वाचतो आणि बँकेला फोन करतो. सिम स्वॅपचाही इथे संबंध आहे. चोरानं तुमच्या नंबरचं नवं सिम काढलं तर तुमचा फोन मुका होतो. ते लक्षात येऊन दुकानात जाईपर्यंत काही तास जातात. म्हणूनच दूरसंचार विभागानं २०२२ मध्ये नवं सिम सुरू झाल्यावर चोवीस तास एसएमएस बंद ठेवायला कंपन्यांना सांगितलं. दोन्हीकडे विचार एकच आहे: खऱ्या मालकाला जागं व्हायला एक दिवस द्यायचा.

हा आकडा मात्र रिझर्व्ह बँकेनं सगळ्यांना एकसारखा ठरवून दिलेला नाही. लाभार्थी टाकल्यावर ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, दिवसाला किती लाभार्थी टाकता येतील याला मर्यादा ठेवण्याचा विचार व्हावा, या गोष्टी २०१३ च्या परिपत्रकापासून आहेत. पण पहिल्या दिवशी किती रक्कम जाऊ द्यायची आणि किती तास थांबवायचं हे प्रत्येक बँक आपापलं ठरवते. पूर्ण बंदी न घालता पन्नास हजारांसारखी फट ठेवतात, कारण बहुतेक नवे लाभार्थी खरे असतात आणि दवाखाना, क्लासची फी, सुताराचा ॲडव्हान्स अशी छोटी कामं अडू नयेत.

मी सावंतांना एवढंच म्हटलं की मघाशी वहिनींनी ते अ‍ॅप टाकलं असतं, तर तुमच्या एफडीच्या पैशांच्या आणि त्या नम्र माणसाच्या मध्ये हीच अट उभी राहिली असती. त्यांचा राग तिथे ओसरला.

समोर असलेले पर्याय

रात्री बारा वाजता आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एकेक रस्ता तपासला.

एजंटनं फोनवर सुचवलेला मार्ग सगळ्यात सोपा होता. सावंतांच्या खात्यात त्यांच्या भावाचं खातं जुना लाभार्थी म्हणून होतं, तिथे पूर्ण रक्कम लगेच गेली असती. भावानं ती पुढे काकांना पाठवायची. पण भावाच्या बँकेतही काका नवेच लाभार्थी ठरणार, म्हणजे अट तिथेही लागणार. मग एजंट म्हणाला, “माझ्या खात्यातून काकांचे व्यवहार नेहमी होतात, माझ्याकडे टाका.” यावर मी ठाम नको म्हटलं. एजंटवर संशय होता म्हणून नव्हे. करारात अनामत भाडेकरूनं घरमालकाला दिल्याचं लिहिलं आहे. पैसे तिसऱ्याच्या खात्यातून गेले, तर अकरा महिन्यांनी अनामत परत मागताना बँकेच्या नोंदीत ही रक्कम सावंतांकडून काकांना गेलेली दिसणार नाही. शिवाय सात-आठ लाख येऊन लगेच पुढे गेले की त्या खात्यावर बँकेच्या देखरेख यंत्रणेची नजर जाते, आणि ते गोठलं तर पैसे कुणाच्याच हातात राहत नाहीत.

शाखेतून आरटीजीएस हा खरा पर्याय होता. शाखेत चेक आणि अर्ज दिला की सही जुळवली जाते, माणूस समोर असतो, म्हणून मोबाइलवरची ही अट तिथे लागत नाही. पण तो पर्याय शुक्रवारी दुपारी होता. आता सोमवारपर्यंत शाखा बंद.

चेक देता आला असता. पाच लाखांवरच्या चेकचा तपशील पॉझिटिव्ह पेमध्ये बँकेला आधी कळवावा लागतो, तेही अ‍ॅपवरून झालं असतं. पण वटणार सोमवारी, आणि काकांना चेकचा जुना वाईट अनुभव होता. त्यांनी नाही म्हटलं, आणि तो त्यांचा हक्क होता.

उरलं यूपीआय. टोकन त्याच मार्गानं गेलं होतं. यूपीआयची दिवसाची मर्यादा सर्वसाधारणपणे एक लाख असते आणि सावंतांच्या बँकेत ती नव्या लाभार्थ्याच्या अटीपासून वेगळी मोजली जात होती. म्हणजे शनिवारी पन्नास हजार अ‍ॅपमधून आणि एक लाख यूपीआयनं, असे दीड लाख सकाळीच काकांपर्यंत पोचू शकत होते. सात लाख उरत होते.

काय केलं

पहिलं काम वहिनींच्या फोनचं. कुठलं अ‍ॅप टाकलं गेलं नाही ना, कुठल्या लिंकवर बोट पडलं नाही ना, हे पाहिलं आणि तो नंबर ब्लॉक केला. मग डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन लावला. तिथल्या मुलीनं सरळ सांगितलं की ही अट फोनवरून कुणालाच उठवता येत नाही, शाखाप्रमुखालाही नाही. हे ऐकून सावंतांना वाईट वाटलं, मला बरं वाटलं. ज्या दाराची किल्ली फोनवरच्या माणसाकडे असते, ते दार चोरही फोनवरूनच उघडून घेतो.

दुसरं, खात्याची रोजची ट्रान्सफर मर्यादा पाहिली. हे कुलूप वेगळं असतं आणि चोवीस तासांची अट संपल्यावर माणूस त्याच्यावर आपटतो. सावंतांची दहा लाख होती. ती कमी असती तर वाढवावी लागली असती, आणि काही बँकांत वाढवलेली मर्यादा लागू व्हायलाही वेळ लागतो.

शनिवारी सकाळी पन्नास हजारांतला आधी एक रुपया पाठवला. काकूंच्या फोनवर जमा झाल्याचा मेसेज आला, त्याचा स्क्रीनशॉट घेतला. ही पायरी वगळू नये, कारण आरटीजीएस आणि एनईएफटीत पैसे केवळ खाते क्रमांकावर जमा होतात. तुम्ही टाईप केलेलं नाव बँक जुळवत बसत नाही. मग उरलेले एकोणपन्नास हजार नऊशे नव्व्याण्णव आणि यूपीआयचे एक लाख गेले.

तिसरं आणि सगळ्यात अवघड काम बोलण्याचं होतं. सावंतांनी काकांना अ‍ॅपमधला तो संदेश पाठवला, खात्यात सात लाख शिल्लक असल्याचं पान दाखवलं आणि विचारलं की सामान आत ठेवू द्याल का. काका म्हणाले, “सामान ठेवा. चावी मात्र पैसे आल्यावर.” काकांचा भाऊ त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. सामान चढवून झाल्यावर त्यानं कुलूप लावून चावी स्वतःकडे ठेवायची आणि रक्कम जमा झाली की द्यायची, असं ठरलं. मी एक कागद करायला सांगितला. त्यात आजपर्यंत मिळालेले दोन लाख, बाकी सात लाख, जमा करायचं खातं आणि ते पती-पत्नीचं संयुक्त खातं असल्याचा उल्लेख होता. दोघांच्या सह्या झाल्या.

निष्पत्ती

टेम्पो वेळेत आला, पाचच्या आत सामान चढलं. पहिला लाभार्थी डिलीट झाला नसता, तर रात्री दहा दहाला सात लाख गेले असते आणि साडेदहाला चावी मिळाली असती. काकांचा भाऊ तोवर जागा राहायला तयार होता. पण नवं घड्याळ अकरा पन्नासला पुरं होणार होतं. इतक्या उशिरा कुणाला ताटकळत ठेवायचं, म्हणून चौघांनी विक्रोळीला सावंतांच्या बहिणीकडे रात्र काढली. मुलीची दप्तरं आणि सासूबाईंची औषधं कुलुपाच्या आत राहिली होती. औषधं आणायला रात्री आठला सावंत पुन्हा मुलुंडला गेले आणि काकांच्या भावानं कुलूप उघडून दिलं.

रविवारी सकाळी सातला आरटीजीएस केली. वीस मिनिटांत काकूंना मेसेज गेला. साडेनऊला चावी मिळाली.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात मोठी चूक डिलीट करण्याची होती, आणि ती काळजीपोटी झाली म्हणून मला जास्त बोचते. नाव वेगळं दिसलं तेव्हा थांबणं अगदी बरोबर होतं. पण लाभार्थी यादीत पडून राहिला म्हणून पैसे जात नाहीत. आधी काकांना फोन, मग निर्णय, असा क्रम असता तर एक तास चाळीस मिनिटं वाचली असती आणि कुटुंब शनिवारी रात्री आपल्या घरात झोपलं असतं.

दुसरं, लाभार्थी टाकायची वेळ. टोकन दिलं त्या दिवशीच रद्द केलेल्या चेकचा फोटो मागून खातं टाकता आलं असतं. तेव्हा जॉइंट खात्याचा प्रश्नही सुटला असता आणि तो खाते क्रमांक करारातच लिहिता आला असता. करार होऊन दोन दिवस झाल्यावर कागद लिहिण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

बँकेबद्दलही बोललं पाहिजे. अट योग्य आहे, पण ती सांगण्याची पद्धत योग्य नाही. ‘सक्रिय झाला आहे’ हा मेसेज वाचून कोणीही समजेल की आता हवे तेवढे पैसे पाठवता येतील. त्याच मेसेजमध्ये ‘पूर्ण मर्यादा उद्या रात्री दहा दहापासून’ असं एक वाक्य असतं, आणि डिलीट दाबताना ‘पुन्हा टाकल्यास चोवीस तास नव्यानं मोजले जातील’ एवढी सूचना असती, तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. सावंतांनी हे बँकेला लेखी कळवलं आहे.

आणि या अटीची ताकद कुठे संपते तेही सांगतो, कारण तिच्यावर विसंबून माणसं बेसावध होताना मी पाहिली आहेत. चोर तुमच्या खात्यात शिरला असेल तर ती उपयोगी पडते. पण चोरानं तुम्हालाच पटवलं असेल, ‘डिजिटल अटके’ची भीती घालून दिवसेंदिवस व्हिडिओ कॉलवर बसवलं असेल, तर तो स्वतःच सांगतो की आज लाभार्थी टाका, उद्या पैसे पाठवा. कधी तो माणसाला एफडी मोडून शाखेतून आरटीजीएस करायला लावतो. तिथे चोवीस तास काही करू शकत नाहीत. तिथे काउंटरवरच्या माणसानं “काका, कुणाला पाठवताय?” असं विचारणं आणि ग्राहकानं त्याचा राग न धरणं, एवढंच कामाला येतं.

कांजूरमार्गच्या जुन्या घरमालकाकडून सावंतांना चार लाखांची अनामत आठवड्याभरात परत यायची होती. रविवारी दुपारी नव्या घरात खोकी उघडता उघडता त्यांनी त्यांना रद्द केलेल्या चेकचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “खातं माझ्या एकट्याच्या नावावर आहे. आजच टाकून ठेवा, नाव तपासा आणि काही वेगळं दिसलं तर डिलीट करू नका, मला फोन करा.”